सत्तावीस लग्नांचं वर्ष

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्याचे एक फोटोग्राफर आणि त्यांच्या पत्नी माझ्याकडे वर्षाचे कागद घेऊन आले. लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहिणं हे माझं काम. पिशवीतून बिलं बाहेर काढता काढता ते म्हणाले, "ताई, यंदा ठरवलंय. वीस लाखांचं काम करायचं. म्हणजे तिमाहीला पाच लाख."

मी विचारलं, "त्यातले घरी किती न्यायचे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पत्नी म्हणाल्या, "अहो, ते कुठं धरलंय आपण?"

वर्षाच्या कमाईचं उद्दिष्ट ठरवताना पहिली चूक होते ती इथेच. वीस लाख हा आकडा गोल आहे, सांगायला सोपा आहे, पण तो ग्राहकांनी द्यायच्या पैशांचा आकडा आहे. त्यातून दुसऱ्या व्हिडिओग्राफरचे पैसे जातात, अल्बमची छपाई जाते, दुकानाचं भाडं जातं. वर सेवाव्यवसायाची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते, आणि ती मर्यादा उलाढालीवर मोजतात, नफ्यावर नाही. म्हणजे ज्या आकड्याला ते उद्दिष्ट म्हणत होते, तो गाठल्यावर हातात किती राहणार हे ठाऊक नव्हतं आणि एक नवी जबाबदारी मात्र दारात येऊन उभी राहणार होती.

म्हणून आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. समजायला सोपं जावं म्हणून इथे आकडे गोल केले आहेत. घरखर्च महिन्याला 45,000 रुपये, म्हणजे वर्षाचे 5,40,000. मुलांच्या फिया आणि विम्याचे हप्ते मिळून 80,000. शिल्लक टाकायचे एक लाख. झाले 7,20,000. हा घरी न्यायचा पैसा. त्याखाली धंद्याचा ठरलेला खर्च, जो एकही लग्न मिळालं नाही तरी चुकत नाही: दुकानाचं भाडं, कॅमेऱ्याचा हप्ता, वीज, इंटरनेट, हार्ड डिस्क, आणि चार-पाच वर्षांनी कॅमेरा बदलावा लागतो त्यासाठी बाजूला ठेवायचे 36,000. सगळे मिळून 2,40,000. म्हणजे कामातून सुटायला हवेत 9,60,000.

मग एका लग्नातून काय सुटतं ते पाहिलं. त्यांचं सरासरी पॅकेज 60,000 रुपयांचं. त्यातले 8,000 दुसऱ्या व्हिडिओग्राफरला, 7,000 कँडिड फोटो काढणाऱ्या मुलाला, 2,000 प्रवास आणि जेवणखाणाला, 3,000 व्हिडिओ एडिटिंगला, 8,000 अल्बमच्या डिझाइनला आणि छपाईला. गेले 28,000, राहिले 32,000. दुकानातले पासपोर्ट फोटो, बारशी, वाढदिवस यांतून महिन्याला आठेक हजार सुटतात, वर्षाला 96,000. ते वजा केले तर लग्नांमधून यायला हवेत 8,64,000. भागिले 32,000.

सत्तावीस. वीस लाखांच्या जागी कागदावर सत्तावीस लग्नं आली, तेव्हा पत्नींनी पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली. वीस लाख दिसत नाहीत. सत्तावीस लग्नं दिसतात. गेल्या वर्षी किती केली ते वही उघडून सांगता येतं, सत्तावीस म्हणजे अंगावर किती ओझं तेही कळतं. माझ्या अनुभवात वर्षाचं उद्दिष्ट रुपयांतून कामाच्या नगांत उतरेपर्यंत ते कुणाच्याच हातात येत नाही. शिवणकामवालीला ते ब्लाउजांत हवं, क्लास घेणाऱ्याला मुलांच्या संख्येत, फोटोग्राफरला लग्नांत.

आता तिमाह्या. सत्तावीस भागिले चार म्हणजे पावणेसात, हे गणित बरोबर आणि निरुपयोगी आहे. लग्नं चार सारख्या ढिगांत येत नाहीत. आषाढी एकादशीला चातुर्मास बसतो आणि कार्तिकी एकादशीनंतर तुळशीचं लग्न लागेपर्यंत नेहमीचे मुहूर्त नसतात. पंचांगातले काढीव मुहूर्त असतात, पण त्यांवर फार थोडी घरं कार्य काढतात. पौषात अनेक जण टाळतात. त्यांच्या मागच्या तीन वर्षांच्या डायऱ्या समोर ठेवल्या, तर साधारण असं दिसत होतं: एप्रिल ते जून बारा, जुलै ते सप्टेंबर एखादं, ऑक्टोबर ते डिसेंबर सात, जानेवारी ते मार्च सात.

तेच चार आकडे यंदाच्या रकान्यांत लिहायला ते निघाले, तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि कपाटावरचं दाते पंचांग खाली काढलं. 2026 साली ज्येष्ठ अधिक आहे, 17 मे ते 15 जून. अधिक महिन्यात लग्न कुणी लावत नाही. म्हणजे मे महिन्याचा ऐन दुसरा पंधरवडा आणि जूनचा पहिला, जेव्हा शाळांना सुट्ट्या असतात आणि पाहुणे मोकळे असतात, तोच हातातून गेला. दुसरीकडे त्यामुळे आषाढी एकादशी 25 जुलैपर्यंत पुढे गेली, तेव्हा जुलैत थोडी कामं येऊ शकतात. दिवाळीही उशिरा, त्यामुळे तुळशीचं लग्न थेट नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याअखेर. डायरीतले आकडे आणि पंचांग असं दोन्ही शेजारी ठेवून यंदाचे चार आकडे लिहिले: आठ, तीन, सात, नऊ. बेरीज सत्तावीसच.

मागच्या वर्षांची सरासरी जशीच्या तशी उचलणारे इथे फसतात. तिमाहीचं उद्दिष्ट म्हणजे मागच्या तीन वर्षांची घडण आणि यंदाचं वेगळेपण. फोटोग्राफरसाठी यंदाचं वेगळेपण पंचांगात असतं, क्लासवाल्यासाठी बोर्डाच्या परीक्षेच्या तारखांत, फराळवालीसाठी दिवाळी ऑक्टोबरात की नोव्हेंबरात यात. दिवाळी पंधरा दिवस सरकली की फराळाचे पैसे एका महिन्यातून उचलून दुसऱ्या महिन्यात जातात आणि ऑक्टोबरअखेर वही पाहणाऱ्याला उगाच धसका बसतो.

मग आम्ही प्रत्येक तिमाहीसमोर सुटणारा पैसा आणि लागणारा पैसा मांडला. लागणारा पैसा सोपा आहे. घरचे 60,000 आणि धंद्याचे 20,000 धरून महिन्याला 80,000, तिमाहीला 2,40,000. पहिल्या तिमाहीत आठ लग्नांचे 2,56,000 आणि दुकानाचे 24,000, म्हणजे 2,80,000. चाळीस हजार वर. दुसऱ्या तिमाहीत तीन लग्नं आणि दुकान मिळून 1,20,000. तिथे खड्डा एक लाख वीस हजारांचा. आधीचे चाळीस भरले तरी सप्टेंबरअखेर 80,000 कमी. डिसेंबरपर्यंत त्यातले जेमतेम आठ हजार भरून निघतात, आणि बाकी सगळं जानेवारी ते मार्चच्या नऊ लग्नांवर. वर्ष शेवटी बरोबर शून्यावर येतं. मधले सहा महिने मात्र घर तुटीत.

तो कागद पाहून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दर वर्षी गणपतीच्या सुमाराला हात उसने घ्यावे लागतात. मला वाटायचं आमचा खर्चच वाढतो."

खर्च वाढलेला नव्हता. वर्षाचं गणित बरोबर असूनही मधली तिमाही रिकामी जाते, एवढंच होतं. साध्या वर्षी एप्रिल ते जूनची बारा लग्नं ती तूट जवळजवळ झाकतात, यंदा झाकणार नाहीत. पण हे एप्रिलमध्ये कळलं आणि एप्रिलमध्ये त्यावर इलाज होता. शिल्लक टाकायचे एक लाख आणि कॅमेऱ्याचे 36,000 आम्ही चार तिमाह्यांत सारखे वाटले होते. पहिल्या दोन तिमाह्यांतला त्यांचा वाटा 68,000 होतो. तो उचलून शेवटच्या तिमाहीत टाकला. उरलेल्या बारा हजारांसाठी मागची थोडी शिल्लक होती. उसनवारी टळली ती एवढ्या हलवाहलवीने. एक लग्नही जास्त करावं लागलं नाही.

इथे कुणी म्हणेल, पण जुलै-ऑगस्टमध्ये तर पैसे येतात की! येतात, आणि तीच मोठी फसगत आहे. हिवाळ्यातल्या लग्नांच्या तारखा लोक पावसाळ्यात धरतात. तारीख धरताना 15,000 इसार मिळतो, लग्नाच्या दिवशी 30,000 आणि अल्बम हातात दिल्यावर उरलेले 15,000. श्रावणात दहा तारखा लागल्या तर दीड लाख खात्यात जमा होतात आणि घरात वाटतं की तिमाही बरी गेली. पण ते काम अजून व्हायचं आहे. व्हिडिओग्राफर, कँडिडवाला, प्रवास, सगळा खर्च पुढे उभा आहे. इसार घरखर्चात गेला की डिसेंबरात मदतनिसांना द्यायला पैसे नसतात, आणि मग पुढच्या लग्नाच्या इसारातून मागच्या लग्नाचा खर्च भागवणं सुरू होतं. हे चक्र एकदा फिरायला लागलं की वहीवर धंदा वाढताना दिसतो आणि घरात मात्र ओढाताण तशीच राहते. आम्ही इसारासाठी बँकेत वेगळं खातं उघडलं. लग्न लागल्याशिवाय त्यातला पैसा कमाई नाही.

दुसरं टोक आहे शेवटच्या 15,000 चं. ते अडकतात फोटो निवडीपायी. दीड हजार फोटोंतून अल्बमसाठी दीडशे निवडायला दिले की नवरा-नवरी पुण्याला परत जातात, मोबाइलवर बघू म्हणतात, मग सासूबाईंना दाखवायचे राहतात, आणि चार-चार महिने निवड येत नाही. निवड नाही तर अल्बम नाही, अल्बम नाही तर पैसे नाहीत. मागच्या वर्षीच्या डायरीत जूनअखेर अशी पाच लग्नं लटकलेली होती, म्हणजे 75,000 रुपये. फोटोग्राफर याला वसुली समजत नाहीत, "अल्बम बाकी आहे" म्हणतात. अडकलेला पैसा असाच दुसऱ्या नावाने लपून राहतो. आता त्यांनी करारात एक ओळ घातली आहे: लग्नानंतर 45 दिवसांत निवड आली नाही, तर उरलेली रक्कम तेव्हाच द्यायची, अल्बम नंतर सवडीने करून मिळेल.

यातून वहीत तीन रकाने आले. लागलेल्या तारखा, झालेली लग्नं, हाती आलेला पैसा. तिन्ही एकमेकांच्या मागून चालतात, आणि प्रत्येक तिमाहीचं खरं उद्दिष्ट वेगळ्या रकान्यात असतं. जुलै ते सप्टेंबरचं उद्दिष्ट तीन लग्नं हे नाही, ती तर जवळजवळ ठरलेली आहेत. त्या तिमाहीचं उद्दिष्ट आहे दहा तारखा लावणं, कारण डिसेंबर आणि फेब्रुवारीची कमाई तिथे ठरते. मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. ज्या तिमाहीत पैसा येत नाही तिलाही आकडा हवा, फक्त तो पैशाचा नको. त्यांच्या डायरीप्रमाणे चार चौकशांमागे एक तारीख लागते. दहा तारखांना चाळीस चौकशा, म्हणजे आठवड्याला तीन. मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक, केटरर, मेकअप करणाऱ्या मुली, यांच्याकडे फेरी मारली तर आठवड्याला तीन चौकशा आणता येतात. नऊ लग्नं आणणं कुणाच्या हातात नाही, या आठवड्यात दोन कार्यालयांत जाऊन येणं हातात आहे.

आढावा कधी घ्यायचा यावर आमचं थोडं वाजलं. त्यांना रोज लिहायचं होतं. मी नको म्हटलं, कारण रोजचा नेम मे महिन्यात पहिल्या आठवड्यातच मोडतो. ठरलं ते असं की सोमवारी दुकान उघडल्यावर, शटर अर्धं वर असताना, पंधरा मिनिटं. तीन रकान्यांतले तीन आकडे आणि चौकशांची संख्या, बस. हंगामात एवढंही होत नसेल तर पत्नींनी फोनवर विचारून लिहायचं. महिन्याच्या पाच तारखेला बँकेच्या नोंदी आणि वही ताडून पाहायची. आणि जुलै, ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल यांच्या पहिल्या आठवड्यात दोघांनी दोन तास बसायचं, दुकान बंद करून, पंचांग आणि डायरी घेऊन. तारीख आत्ताच डायरीत लाल शाईने. लग्नाची तारीख जशी हलत नाही तशी ही हलवायची नाही.

नेम ढिला पडतोय हे ओळखायची एक साधी खूण आहे. वहीतल्या तीन-चार आठवड्यांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या एकाच घाईत लिहिलेल्या दिसल्या, की समजावं त्या एका बैठकीत आठवून भरल्या आहेत. आठवून भरलेल्या नोंदीत चौकशा हमखास कमी आणि अडकलेला पैसा हमखास गायब असतो.

तिमाहीच्या बैठकीत काय करायचं तेही नीट सांगायला हवं, नाहीतर ती नुसती हळहळ होते. समजा जूनअखेर आठऐवजी सात लग्नं झाली. एक कमी, म्हणजे 32,000 रुपये कमी. पहिली ऊर्मी असते ती पुढच्या तिमाहीचा आकडा वाढवून चार लिहायची. पण पावसाळ्यात लग्न आणणार कुठून? आकडा वाढवण्याआधी पाहायचं ते एप्रिलपासूनच्या बेरजेकडे आणि पुढे काय शक्य आहे त्याकडे. आगाऊ आयकर भरणाऱ्यांना ही रीत ओळखीची वाटेल. तिथे 15 जूनला 15 टक्के, 15 सप्टेंबरला एकूण 45, 15 डिसेंबरला एकूण 75 आणि 15 मार्चला शंभर टक्के, असं मागचं धरूनच मोजतात. पहिल्या हप्त्यात कमी पडलं तर दुसऱ्यात भरून घेतात.

मग पाहायचं की उरलेल्या वीस लग्नांपैकी किती तारखा लागायच्या आहेत. समजा बारा लागल्या आहेत, त्यांचा दर ठरलेला, तो बदलता येत नाही. आठ मोकळ्या आहेत. 32,000 भागिले आठ, म्हणजे प्रत्येकी 4,000 ने दर वाढवला तर भरपाई होते. साठचे चौसष्ट. हा भार सगळ्या तारखांवर सारखा टाकायचीही गरज नाही. दाट तिथीला एका दिवसाच्या तीन-तीन चौकशा येतात आणि एका माणसाच्या चमूला एकच लग्न करता येतं. तिथे सत्तर मागितले तरी तारीख जाते. विरळ तिथीला साठच ठेवावेत. त्यांनी आजवर दोन्ही दिवसांना एकच दर लावला होता, हे आढाव्याच्या वहीत चौकशांची तारीख लिहायला लागल्यावरच उमगलं.

चमू एकच, हीच या उद्दिष्टाची कमाल मर्यादाही आहे. दाट तिथ्या मोजक्या असतात आणि त्या दिवशी दोन ठिकाणी उभं राहता येत नाही. पुढच्या वर्षी सत्तावीसची पस्तीस लिहायची असतील तर आधी दुसरा कॅमेरा आणि दुसरा भरवशाचा माणूस लागेल. त्यांचा ठरलेला खर्च वाढेल, आणि मग कदाचित पस्तीस करूनही घरी तेवढेच पैसे येतील. हे त्यांना मांडून दाखवल्यावर पुढच्या वर्षाच्या कागदावर संख्या सत्तावीसच राहिली आणि सरासरी पॅकेज वर गेलं.

एक नियम मी सगळ्यांना घालते. वर्षाचा आकडा बदलायचा असेल तर फक्त ऑक्टोबरच्या बैठकीत, आणि जुना खोडायचा नाही. त्यावर एक रेघ मारायची, शेजारी नवा लिहायचा आणि का बदलला ते एका ओळीत लिहायचं. दर तिमाहीला उद्दिष्ट खाली सरकवत नेलं तर ते वर्षअखेर नेहमीच गाठलं जातं, आणि मागच्या तीन वर्षांची घडण म्हणून पुढच्या एप्रिलमध्ये जी वही उघडायची, ती खोटं सांगू लागते. एकाच्या वहीत मी "सासऱ्यांचं आजारपण, दोन महिने दुकान बंद" अशी ओळ वाचली आहे. त्या एका ओळीमुळे पुढच्या वर्षी आम्ही ते दोन महिने सरासरीतून वगळू शकलो.

निघताना पत्नींनी नवी वही पिशवीतून काढली, पहिल्या पानावर आठ, तीन, सात, नऊ असे चार आकडे लिहिले आणि जुलैच्या चौकटीत लाल पेनने विचारलं, "ताई, सहा तारीख सोमवार आहे. चालेल ना?"

त्यांनी मोबाइलवर पंचांग उघडून पाहिलं. त्या आठवड्यातली एक चौकशी आधीच येऊन पडली होती, पण ती गुरुवारची होती. सहा तारीख मोकळी होती.